शब्द स्वतःचे, मुद्दा वर्गमैत्रिणीचा: ही चोरी होते का?

एम.ए., एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आल्यापासून सातारा-सांगलीच्या कॉलेजांत परीक्षेच्या तोंडावर एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "तुझं किती टक्के आलं?" विचारणारा मार्कांबद्दल बोलत नसतो. प्रकल्पाची फाइल सॉफ्टवेअरमधून गेल्यावर जो साम्याचा आकडा येतो, त्याबद्दल बोलत असतो. आकडा दहाच्या आत आला की सुटलो, अशी समजूत आहे. ती अर्धीच बरोबर आहे, कारण त्या आकड्यात फक्त शब्द मोजलेले असतात. मुद्दा कुणाचा, याची नोंद त्यात कुठेही नसते.

दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून मांडणं याला वाङ्मयचौर्य म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये यासाठी विनियम काढले. त्यातली व्याख्याही अशीच आहे आणि तिच्यात "काम" आणि "कल्पना" हे दोन्ही आहेत. म्हणजे एकही वाक्य न उचलता वाङ्मयचौर्य होऊ शकतं, हे कागदावर आधीपासून मान्य आहे. गोंधळ पुढच्या पानांवर सुरू होतो.

आकडा कसा निघतो आणि त्याला काय दिसत नाही

व्याख्येत कल्पना असली, तरी विनियमातल्या शिक्षेच्या पायऱ्या साम्याच्या टक्क्यांवर बांधलेल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांत विद्यार्थ्याला प्रबंध दुरुस्त करून ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर दुरुस्त प्रबंध देता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते. मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाणित समीकरणं वगैरे वगळतात. योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरत नाहीत.

सॉफ्टवेअर मुळात तुमच्या मजकुराचे तुकडे करतं आणि आपल्या साठ्यातल्या लेख, प्रबंध, संकेतस्थळांशी ताडून पाहतं. म्हणून त्याला दोन गोष्टी दिसत नाहीत. एक म्हणजे त्या साठ्यात नसलेली गोष्ट: वर्गातला सेमिनार, पाटीवर काढलेली आकृती, व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज, गाइडच्या कपाटातला मसुदा. दुसरी म्हणजे पूर्णपणे वेगळ्या शब्दांत सांगितलेला तोच विचार.

सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात हे पटकन समजेल. बागेत वर दिसणारी पानं आणि घड एका जातीचे असतात, पण कलम बहुतेकदा डॉगरिजच्या खुंटावर केलेलं असतं. पान तपासून जात सांगता येईल, खुंट कुठला ते सांगता येणार नाही. सॉफ्टवेअर पानं तपासतं.

एक उदाहरण, नीट उलगडून

सांगलीतल्या एका कॉलेजात एम.ए. अर्थशास्त्राचा वर्ग आहे असं धरू. उदाहरण काल्पनिक आहे. ऑगस्टच्या सेमिनारमध्ये तासगावची एक मुलगी दहा मिनिटं बोलते. तिचं म्हणणं असं: बेदाणा उत्पादक माल कधी विकतो याचा अभ्यास करताना आपण शेतकऱ्यांची विभागणी एकरांवर करतो, म्हणजे लहान, मध्यम, मोठा. मग निष्कर्ष येतो की लहान शेतकऱ्याला थांबणं परवडत नाही. पण विभागणी एकरांवर न करता तो कुणाचं देणं लागतो यावर करून पाहू. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असलेले, अडत्याकडून उचल घेतलेले आणि कुणाचंच देणं नसलेले. तिचा अंदाज असा की तीनच एकर बाग असलेल्या दोघांतला उचल घेतलेला शेतकरी शेडवरून माल उतरला की सौद्याला लावेल, आणि देणं नसलेला कोल्ड स्टोअरेजला ठेवून दिवाळीची वाट बघेल. म्हणजे विक्रीची वेळ क्षेत्रापेक्षा देण्यावर ठरते. हा अंदाज खरा ठरेल की खोटा, हा इथे प्रश्न नाही.

वर्गात मिरजेचा एक मुलगा बसलेला असतो. पुढे उन्हाळ्यात तो कवठे महांकाळ तालुक्यात ४५ शेतकऱ्यांना भेटतो. प्रश्नावली तो स्वतः तयार करतो, तक्तेही स्वतःच करतो. शेतकऱ्यांचे गट मात्र "सोसायटी-बँक, उचल, देणं नाही" असेच पाडतो आणि एकाच क्षेत्राच्या शेतकऱ्यांची तुलना करतो. अहवालात कुठेही त्या मुलीचं नाव नाही. साम्य येतं ६ टक्के.

आता यातलं कुणाचं काय, ते वेगळं करू. वाद बहुतेक वेळा हे वेगळं न केल्याने चिघळतो.

बेदाणा विक्री हा विषय मुलीचा नाही. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही तो सुचेल आणि विषयावर कुणाची मालकी नसते. शेतकरी अडत्याकडून उचल घेतात हेही तिचं नाही. ते मार्केट यार्डात सगळ्यांना माहीत आहे. ४५ शेतकरी, त्यांची उत्तरं, तक्ते आणि त्यातून निघालेले आकडे निखळ मुलाचे आहेत. त्यावर मुलीला दावा सांगता येणार नाही, त्या आकड्यांनी तिचाच अंदाज खरा ठरवला तरी.

उरते ती एकच गोष्ट: एकर बाजूला ठेवून देण्यावरून गट पाडायचे आणि सारख्या क्षेत्राचे शेतकरी शेजारी ठेवून तुलना करायची, ही युक्ती. ती मुलीची आहे, आणि मुलाचा सगळा अहवाल तिच्यावर उभा आहे. हे तपासायला ती काढून बघायची. गट पुन्हा एकरांवर पाडले, तर अहवालात नवीन काय उरतं? नेहमीचाच निष्कर्ष उरत असेल, तर जे नवीन होतं ते घेतलेलं होतं.

म्हणून हे वाङ्मयचौर्य आहे, आकडा ६ असला तरी. आणि त्याचा आवाका तेवढ्याच एका युक्तीपुरता आहे. "त्याने माझा सगळा प्रोजेक्ट चोरला" हे मुलीचं म्हणणं टिकणार नाही, आणि "मी सगळं स्वतः केलं" हे मुलाचंही.

मग त्याने काय लिहायला हवं होतं?

दोन वाक्यं. पद्धतीच्या प्रकरणात जिथे गटांची मांडणी पहिल्यांदा येते, तिथेच ती यायला हवीत:

"शेतकऱ्यांची वर्गवारी क्षेत्राऐवजी देण्याच्या स्रोतावरून करावी, ही मांडणी माझी वर्गमैत्रीण (पूर्ण नाव) हिने ऑगस्टमधील विभागीय सेमिनारमध्ये केली होती आणि ती तिच्या संमतीने वापरली आहे. सर्वेक्षण व त्यावरील निष्कर्ष माझे आहेत."

या दोन वाक्यांत कुणाचं काय ते नेमकं कळतं, आणि मुलाचं स्वतःचं कामही उलट ठळक दिसतं. श्रेय दिलं की आपलं काम कमी दिसेल अशी भीती असते. परीक्षकाच्या नजरेने पाहिलं, तर दुसऱ्याची मांडणी घेऊन ती ४५ शेतकऱ्यांवर तपासणं हे एम.ए.च्या पातळीवर भरपूर काम आहे.

तोंडी किंवा खासगीत कळलेल्या गोष्टीचा संदर्भ देण्याची रीत ठरलेली आहे. समाजशास्त्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एपीए पद्धतीत याला "व्यक्तिगत संवाद" म्हणून मजकुरातच नोंदवतात: नाव, व्यक्तिगत संवाद असा उल्लेख, आणि तारीख. शेवटच्या संदर्भसूचीत तो घालत नाहीत, कारण वाचकाला ते मूळ शोधून वाचता येत नाही. "सूचीत टाकता येत नाही, म्हणून उल्लेखच केला नाही" ही सबब त्यामुळे चालत नाही.

आणि ऋणनिर्देशात "सर्व वर्गमित्रांचे आभार" लिहून भागत नाही. त्या यादीत डबा देणारी खानावळवालीही असते.

अप्रकाशित माहिती: "उत्तेजन मिळालं" म्हणजे नक्की काय मिळालं?

मोघम आभार आणि नेमकं श्रेय यांतला फरक विज्ञानाच्या इतिहासातल्या एका फार मोठ्या लेखात दिसतो. २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. त्यामागे लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या रोझलिंड फ्रँकलिन यांची दोन अप्रकाशित कामं होती. एक म्हणजे त्यांनी आणि रेमंड गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये घेतलेलं क्ष-किरणांचं छायाचित्र. ते किंग्जमधलेच त्यांचे सहकारी विल्किन्स यांनी १९५३ च्या सुरुवातीला वॉटसनना दाखवलं. दुसरं म्हणजे किंग्ज कॉलेजच्या कामाचा एक अंतर्गत अहवाल, जो केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून क्रिक यांच्या हाती आला. त्यातली स्फटिकाच्या सममितीची माहिती वाचून क्रिक यांनी ओळखलं की डीएनएचे दोन धागे उलट दिशांनी जात असले पाहिजेत. अहवालावर "गोपनीय" असा शिक्का नव्हता. पण फ्रँकलिन यांना विचारलंही नव्हतं.

त्या लेखाच्या शेवटी एवढंच आहे की विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या आणि कल्पनांच्या "सर्वसाधारण स्वरूपा"च्या माहितीमुळे आम्हाला उत्तेजनही मिळालं. हे वाचून कुणाला कळणार नाही की नेमकं काय घेतलं. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याच दोघांनी सविस्तर लेखात लिहिलं की किंग्ज कॉलेजची माहिती नसती, तर आमची रचना तयार होणं अशक्य नाही तरी अगदीच असंभवनीय होतं. लोक तेच, काम तेच, पण दुसऱ्या वाक्यात कर्ज कबूल केलेलं आहे. फ्रँकलिन १९५८ मध्ये वारल्या. नोबेल १९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं.

रचना शब्दाशब्दाने कुठून उतरवलेली नव्हती. अनुमान त्या दोघांचंच होतं आणि ते असामान्य होतं. तरीही श्रेयाचा प्रश्न सत्तर वर्षं संपलेला नाही.

अप्रकाशित गोष्टीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. छापून आलेला मुद्दा वापरायला फक्त श्रेय पुरतं, परवानगी लागत नाही. छापून न आलेला मुद्दा वापरायला आधी विचारावं लागतं आणि नंतर श्रेयही द्यावं लागतं. कारण साधं आहे: तुम्ही आधी छापलंत तर मूळ माणसाचं काम जगासमोर दुसरं ठरतं. तासगावच्या मुलीने पुढे वर्षभराने तोच मुद्दा घेऊन निबंध पाठवला, तर चोरीचा संशय तिच्यावर येईल. जर्नलने एखाद्याला दुसऱ्याचा लेख तपासायला पाठवला असेल, तर तो छापून येईपर्यंत त्यातलं काहीही स्वतःसाठी वापरायचं नसतं, तेही याच कारणाने.

"पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो ना?"

नसतो, हे बरोबर आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात ते स्पष्ट सांगितलं: कल्पना, विषय, कथानक, ऐतिहासिक तथ्यं यांवर कॉपीराइट नाही. म्हणून मिरजेच्या मुलावर कॉपीराइटची केस होणार नाही.

पण कॉलेजमधला प्रश्न मालकीचा नसतोच. पदवी देताना विद्यापीठ म्हणत असतं की हा विचार या विद्यार्थ्याने केला. तो त्याने केलेला नसेल, तर कायदा मोडला नसला तरी सांगितलेलं खोटं आहे. याची उलट बाजूही असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकावरचा कॉपीराइट संपलेला असतो आणि ते कुणीही छापू शकतं, पण त्यातला युक्तिवाद स्वतःचा म्हणून प्रबंधात लिहिला तर ते वाङ्मयचौर्यच.

"मलाही तेच सुचलं होतं"

हे खरं असू शकतं. एकाच वर्गात, एकाच सरांचं ऐकून, एकाच बाजारपेठेत वाढलेल्या दोघांना एक मुद्दा सुचणं यात नवल नाही. तेव्हा आधी तारखा पाहायच्या. सेमिनारच्या आधीच्या टिपणात, गाइडला पाठवलेल्या ईमेलमध्ये ती मांडणी असेल, तर प्रश्न मिटला. तरीही अहवालात "अशीच मांडणी अमुक हिनेही स्वतंत्रपणे केली आहे" असं लिहावं, कारण आता ते तुम्हाला माहीत आहे.

टिपण नसेल, तर जुळलेल्या गोष्टींची जात पाहावी लागते. साधी, स्वाभाविक गोष्ट जुळली तर तो पुरावा नव्हे. विचित्र, अनावश्यक गोष्ट जुळली तर संशय बळावतो. समजा मुलीने सेमिनारमध्ये नातेवाइकांकडून घेतलेलं बिनव्याजी देणं "देणं नाही" या गटात धरलं होतं, कारण तिला उदाहरणापुरतं सोपं करायचं होतं. मुलाच्या अहवालातही ते त्याच गटात आहे आणि त्याचं कारण कुठे दिलेलं नाही. स्वतः विचार केलेल्या माणसाला तिथे अडखळायला झालं असतं. चांगला परीक्षक तोंडी परीक्षेत हेच विचारतो: ही विभागणी का केली, दुसरी कुठली करून पाहिली, ती का सोडली? आपल्या मुद्द्याला सोडून दिलेल्या वाटांचा इतिहास असतो. घेतलेल्या मुद्द्याला तो नसतो.

"मग चहाच्या टपरीवर बोलायचंच नाही का?"

बोलायचं. प्रत्येक गप्पेचा हिशोब कुणी मागत नाही. "भाषा जरा सोपी कर", "जतचाही तालुका घे", "हा लेख वाचलास का" अशा सूचनांना ऋणनिर्देशातले आभार पुरेसे आहेत. जो मुद्दा काढून घेतला तर तुमच्या निष्कर्षाचा आकार बदलतो, त्याचं श्रेय जागेवर द्यायचं.

गाइडच्या बाबतीत रेघ थोडी सैल असते, कारण दिशा देणं हे त्यांचं कामच आहे आणि त्यांचं नाव पहिल्या पानावर असतं. उलट बाजू मात्र क्वचित बोलली जाते: विद्यार्थ्याने सुचवलेली मांडणी गाइडच्या लेखात विद्यार्थ्याच्या नावाशिवाय येणं हेही तेच वाङ्मयचौर्य आहे. "माझ्याच हाताखालचा मुलगा" या नात्याने ते धुऊन निघत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर

२०१८ च्या विनियमानुसार पुराव्यासह तक्रार विभागाच्या पातळीवरच्या तीन सदस्यांच्या समितीकडे जाते. विभागप्रमुख, विभागाबाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरची माहिती असलेली एक व्यक्ती, असे हे तिघं. समितीने ४५ दिवसांत आपला अहवाल शिफारशीसह संस्थेच्या समितीकडे द्यायचा असतो.

अडचण पुराव्याची असते. सेमिनारचं काहीच मागे राहत नाही, म्हणून बोलून झाल्यावर त्याच दिवशी स्लाइड आणि अर्ध्या पानाचा सारांश गाइडला ईमेल करावा. सारांशात विषय नको, आपली नवी मांडणी एका वाक्यात हवी. तक्रारीतही "माझी कल्पना घेतली" एवढं लिहून काही होत नाही. डावीकडे आपल्या सारांशातली ओळ, उजवीकडे समोरच्याच्या अहवालातली जागा आणि पान, असा दोन रकान्यांचा तक्ता जोडावा. विषय किंवा सर्वज्ञात गोष्टी त्यात घुसडल्या की खरा मुद्दाही पातळ होतो.

शिक्षेच्या पायऱ्या टक्क्यांवर असल्यामुळे ६ टक्क्यांच्या अहवालाला त्यांतली एकही नीट लागू होत नाही. म्हणून अशा तक्रारीत शिक्षेपेक्षा दुरुस्ती मागणं शहाणपणाचं: पद्धतीच्या प्रकरणात श्रेयाची ती दोन वाक्यं घालावीत, आणि निबंध छापून आला असेल तर जर्नलने दुरुस्तीची नोंद प्रसिद्ध करावी. मुलाच्या लक्षात हे तोंडी परीक्षेआधी आलं, तर तक्रारीची वाट बघायचीही गरज नाही. मुलीशी बोलून, गाइडला लेखी कळवून, ते एक पान बदलून द्यायचं.